घरात कळल्यावर तो एकदम शांत झाला : ही शांतता ओळखायची कशी आणि विचारायचं काय

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २० वर्षांचा आहे. महिन्याभरापूर्वी बाबांनी त्याच्या मोबाईलवरचे मेसेज वाचले आणि तो गे आहे हे घरात कळलं. आरडाओरडा झाला, बाबांनी हात उचलला, मोबाईल काढून घेतला, कॉलेजला पाठवणं बंद केलं. आधी तो भांडला, रडला. गेल्या आठवड्यापासून मात्र एकदम शांत आहे, सगळ्याला हो म्हणतो. आई म्हणते, सुधारला. परवा त्याने त्याची गिटार शेजारच्या मुलाला देऊन टाकली. मला भीती वाटते. पण मी विचारलं तर नसलेला विचार त्याच्या डोक्यात येईल का? आणि तो हो म्हणाला तर मी काय करू?

उत्तर :

आजच विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. अमेरिकेत दोन हजारांहून जास्त शाळकरी मुलांवर केलेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना आत्महत्येबद्दल थेट प्रश्न विचारले होते, निम्म्यांना नव्हते. ज्यांना विचारलं त्यांच्यात असे विचार वाढले नाहीत. उलट जी मुलं आधीच नैराश्यात होती किंवा ज्यांनी पूर्वी प्रयत्न केला होता, त्यांचा ताण किंचित कमीच झाला. माझाही अनुभव तोच आहे. असं विचारल्यावर समोरचं मूल दचकलंय असं क्वचितच होतं. बहुतेक वेळा ते सुस्कारा टाकतं.

आता तुमच्या भीतीबद्दल. ती खरी आहे असं धरूनच चला. एखाद्या क्वीअर मुलाचं घरात उघड झालं, तेही त्याने स्वतः सांगून नाही तर मोबाईल उघडून, की पुढचे काही आठवडे सगळ्यात नाजूक असतात. एका फटक्यात त्याच्या तीन गोष्टी जातात : गुपित ठेवायचा हक्क, घरातली जागा आणि मोबाईल. मोबाईल गेला की जी दोन-चार माणसं त्याला तो जसा आहे तसं ओळखतात, तीही जातात. आईवडिलांना वाटतं, वाईट संगत तोडली. प्रत्यक्षात रात्री दोन वाजता 'जेवलास का रे' विचारणारी एकुलती एक व्यक्ती तोडलेली असते.

शांत होणं चांगलंही असू शकतं, म्हणून फरक कशात आहे ते सांगते. खरोखर सावरत असलेलं मूल काहीतरी मागतं. फॉर्म भरायची तारीख विचारतं, मोबाईल परत द्या म्हणून कुरकुरतं, भाजीवर तोंड वाकडं करतं, बाबांवर अजून चिडलेलं असतं. त्याच्या बोलण्यात पुढचा महिना असतो. धोक्याच्या शांततेत मागणंच संपतं. लग्नाला हो, कॉलेज सोडायला हो, काकांच्या दुकानात बसायलाही हो. कारण ज्याला त्यातलं काही जगायचंच नाही असं वाटत असतं, त्याला हो म्हणायला काही लागत नाही. कधीकधी मनातली ओढाताण संपून निर्णय झाल्यासारखा वाटतो, त्यातूनही अशी शांतता येते. गिटार देऊन टाकणं मला त्याच रांगेतलं वाटतं. त्याच्या जोडीला आणखी काही दिसतंय का ते आठवून पाहा : लोकांची माफी मागणं, उसने पैसे परत करणं, अनेक रात्री न झोपणं किंवा दिवसभर झोपून राहणं, आणि 'माझ्यामुळे तुम्हाला खाली बघावं लागलं', 'मी नसतो तर बरं झालं असतं' अशी वाक्यं. या शेवटच्या वाक्यांना मी सगळ्यात जास्त वजन देते. आपण घरच्यांवर ओझं आहोत ही भावना आत्महत्येच्या विचारांच्या फार जवळ असते. आणि आपल्याकडे 'लोक काय म्हणतील' हे रोज ऐकून ती भावना घरचेच पक्की करतात.

मित्रमैत्रिणींना वेगळ्या गोष्टी दिसतात. बऱ्याच क्वीअर मुलांची इन्स्टाग्रामवर दोन अकाउंट असतात. एक नातेवाइकांसाठी, दुसरं बंद, मोजक्या लोकांसाठी. हे दुसरं अकाउंट अचानक डिलीट झालं, ग्रुप एकेक करून सोडले, किंवा मध्यरात्री 'थँक्यू, तू होतीस म्हणून' असा मेसेज आला, तर तो 'मूड खराब असेल' म्हणून सोडून देऊ नये. ट्रान्स मुलांच्या बाबतीत मी अजून एक पाहते. आरशात न बघणं, अंघोळ टाळणं, कॉलेजच्या टॉयलेटमध्ये जायला नको म्हणून दिवसभर पाणी न पिणं, हे सगळं शरीराबद्दलच्या कोंडीतून येतं. ते त्रासाचं आहेच, पण त्याचा अर्थ लगेच आत्महत्येचा विचार असा होत नाही. मी कान टवकारते ते उलटं घडतं तेव्हा. ज्या नावासाठी, ज्या केसांसाठी मूल दोन वर्षं घराशी भांडलं, ते एके दिवशी 'जाऊ दे, काय हाक मारायची ती मारा' म्हणतं, तेव्हा.

या खुणांची मर्यादाही सांगायला हवी. यातलं काहीच न दिसता प्रयत्न करणारी मुलं असतात, आणि सगळं दिसूनही तसा विचार नसलेली मुलं असतात. म्हणून खुणा जुळवत बसू नका. त्या फक्त विचारायला निमित्त म्हणून वापरा.

विचारायचं कसं? आपल्या घरांत ठरलेला प्रश्न असतो, 'तू काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?' या प्रश्नाला एकच उत्तर देता येतं, 'नाही.' विचारणाऱ्याला तेच हवं असतं हे मुलाला कळतं. त्याऐवजी जे पाहिलं तिथून सुरुवात करा. आईबाबांसमोर नको. दूध आणायला चालत जाताना, भांडी आवरताना, जिथे डोळ्यांत डोळे घालून बोलावं लागत नाही अशा वेळी. 'तू गिटार दिलीस, आणि आठवडाभर कशालाच नाही म्हणाला नाहीस. मला काळजी वाटतेय. असं वाटतं का कधी, की झोपावं आणि उठूच नये?' तो हो म्हणाला किंवा गप्प राहिला तर पुढचं स्पष्ट शब्दांत : 'जीव द्यावा असा विचार येतो का?' त्यालाही हो आलं तर : 'कसं, कधी असं काही ठरवलंयस का? त्यासाठी काही जवळ ठेवलंयस का? आधी कधी प्रयत्न केला होतास का?' हे प्रश्न याच क्रमाने आम्हीही विचारतो. इच्छा, विचार, बेत, तयारी. उत्तर जितकं पुढच्या पायरीचं, तितकी घाई.

उत्तर ऐकताना घाबरलात तरी चालेल, ओरडू नका. 'आईचा विचार केलास का' हे म्हणू नका. त्याने तो केलेलाच असतो, आणि आईला आपल्यामुळे त्रास होतो याच निष्कर्षाला तो पोहोचलेला असतो. शपथ घ्यायला लावू नका. शपथेने कुणी थांबत नाही, पुढच्या वेळी तुम्हाला सांगायचं मात्र थांबतं.

आणि गुपिताबद्दल. तो म्हणेल, कुणाला सांगू नकोस. इथे दोन गुपितं आहेत, ती वेगळी ठेवा. त्याला असं सांगता येईल : 'तू गे आहेस हे माझ्याकडून कॉलेजात, नातेवाइकांत कुणालाही कळणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे ही गोष्ट मी एकटी सांभाळू शकणार नाही. कुणाला सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू.' मित्रमैत्रिणींनी तर हे पाठच करावं. मित्राला वाचवण्याच्या घाईत त्याच्या घरी फोन करून 'तो गे आहे म्हणून असं वाटतंय त्याला' असं सांगून टाकलं, आणि घर हिंसक निघालं, तर धोका वाढतो. 'त्याला खूप ताण आहे, आज रात्री त्याला एकटं सोडू नका' एवढं सांगून काम होतं.

याच वळणाची एक हकिगत सांगते. नाव आणि तपशील बदलले आहेत, त्याची परवानगी आहे. समीर ट्रान्स मुलगा, म्हणजे जन्माच्या दाखल्यावर मुलगी. पुण्यात शिकायला होता, घर सातारा जिल्ह्यात, शेतीवाडीचं. हॉस्टेलमधून कुणीतरी घरी कळवलं आणि त्याला परत नेलं. केस वाढवायला लावले, शर्ट जाळले, कांदेपोह्याचे कार्यक्रम सुरू झाले. पहिला पाहुणा आला तेव्हा त्याने गोंधळ घातला. तिसरा आला तेव्हा चहा स्वतः नेऊन दिला. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. त्या रात्री त्याने चुलतभावाच्या मोबाईलवरून पुण्यातल्या मैत्रिणीला मेसेज केला : 'मला समीर म्हणून हाक मारलीस, थँक्यू.'

ती झोपेतून उठली आणि तिने वाक्य दोनदा वाचलं. मला नंतर म्हणाली, 'मारतेस' नव्हतं लिहिलं, 'मारलीस' होतं. तिने लगेच फोन केला, सरळ विचारलं, आणि तो हो म्हणाला. ती भाषण द्यायला गेली नाही. 'मी फोन ठेवत नाही. घरात तुझ्या बाजूचं, जागं कोण आहे?' मावशी राहायला आली होती. 'मी तिच्याशी बोलू? काय सांगू, काय नको?' त्याने सांगितलं, नावाचं काही बोलू नकोस. मैत्रीण मावशीला इतकंच म्हणाली की याच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आहेत, आज शेजारी झोपा, आणि शेतीची औषधं घरात असतील तर आत्ता बाहेर काढा. मावशीने काकांना उठवलं. काकांनी सगळे डबे रात्रीच भावकीतल्या एका घरी कुलपात ठेवून दिले. मावशीने समीरच्या खोलीत अंथरूण टाकलं.

औषधांचं हे काम किरकोळ वाटतं, पण त्या रात्रीतलं सगळ्यात महत्त्वाचं तेच होतं. जीव देण्याची टोकाची ऊर्मी बहुतेकांत फार काळ टिकत नाही, काही मिनिटं ते काही तास. त्या वेळात घातक वस्तू हाताशी नसेल तर माणूस पलीकडे पोहोचतो, आणि पोहोचलेल्यांतले बहुसंख्य पुढे आत्महत्येने मरत नाहीत. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, त्यानंतर तिथलं आत्महत्यांचं प्रमाण साधारण ७० टक्क्यांनी उतरलं. माणसांची दुःखं काही तेवढी कमी झाली नव्हती. तुमच्या घरीही हे आजच करा : शेतीची, उंदरांची औषधं, आजीआजोबांच्या गोळ्यांचा साठा. नुसतं लपवू नका, घराबाहेर किंवा कुलपात, किल्ली एकाच मोठ्या माणसाकडे. आणि भावाला सांगून करा : 'हे तुझ्यावर अविश्वास म्हणून नाही, वाईट तास निघून जावा म्हणून.' त्याने काही ठरवलं असल्याचं सांगितलं तर त्याच्याशी संबंधित जे असेल ते आधी हलवा आणि त्याला एकटं सोडू नका.

दुसऱ्या दिवशी समीर माझ्याशी फोनवर बोलला आणि आम्ही एक कागद तयार केला. व्यवसायात याला सुरक्षा योजना म्हणतात. हा कागद मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहायचा असतो. समीरने वर लिहिलं, 'वाईट वेळ येतेय हे कसं कळतं : पाहुण्यांचा फोन येतो आणि माझे हात गार पडतात.' खाली, एकट्याने काय करता येईल : गोठ्यात जाऊन म्हशीला पाणी दाखवणं, बनियन घालून झोपणं. मग विचार वळवायला कुणाजवळ जायचं : चुलतभावासोबत क्रिकेट. मग कुणाला खरं सांगायचं : मैत्रीण, मावशी. मग हेल्पलाइन आणि माझा नंबर. शेवटी, औषधांची किल्ली कुणाकडे. एका पानाच्या आत मावतं. वरून खाली जात राहायचं, एकाने भागलं नाही तर पुढचं. तुम्ही भावासोबत हे आज-उद्या बसून करू शकता, समुपदेशक मिळेपर्यंत थांबायला नको.

घराने काय केलं हेही सांगते, कारण तुमचा पुढचा प्रश्न बाबांचा असणार. समीरच्या वडिलांनी काही स्वीकारलं नाही. त्यांच्याकडून एवढंच कबूल करून घेतलं की सहा महिने स्थळ बघायचं नाही आणि मोबाईल परत द्यायचा. आईला समीर हे नाव जिभेवर येईना. मग ती जुनंही नाव घेईना, 'बाळा' म्हणू लागली. 'आलीस का' ऐवजी 'जेवण झालं का'. आपल्या भाषेत प्रत्येक क्रियापद लिंग सांगून जातं, त्यामुळे ट्रान्स मुलाला दिवसातून पन्नास वेळा टोचतं. आईने शोधलेली ती पळवाट होती, पण त्याला ती कळली. मुलाने निवडलेलं नाव वापरण्याबद्दल अमेरिकेतला २०१८ चा एक लहान अभ्यास आहे, १२९ ट्रान्स तरुणांचा. घर, शाळा, काम, मित्र यांपैकी आणखी एका ठिकाणी निवडलेलं नाव वापरलं जात असेल तर आत्महत्येचे विचार २९ टक्क्यांनी कमी दिसले. अभ्यास छोटा असल्याने मी तो ताणणार नाही. पण ज्या उपायाला पैसे लागत नाहीत तो करून बघायला हरकत काय?

तुमच्या बाबांकडे 'स्वीकारा' ही मागणी आत्ता नेऊ नका, ती फेटाळली जाईल. चार गोष्टी मागा : मोबाईल परत, कॉलेज सुरू, लग्नाचा विषय बंद, आणि हात उचलणं, घरातून काढायची धमकी देणं, बाबा-बुवांकडे नेणं बंद. कारण विचारलं तर सांगा की सॅन फ्रान्सिस्को भागातल्या २२४ गे, लेस्बियन, बायसेक्शुअल तरुणांच्या अभ्यासात (२००९) असं दिसलं : ज्यांना किशोरवयात घरच्यांनी फार झिडकारलं होतं, त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण फारसं न झिडकारलेल्यांच्या ८.४ पट होतं. आवडलं नाही तरी चालेल, झिडकारणं थांबवा, एवढीच विनंती आहे. वडिलांना आपल्या मुलीपेक्षा दुसऱ्या बापाचं जास्त पटतं, हेही खरं. मुंबईत 'स्वीकार - द रेनबो पॅरेंट्स' हा अशाच मुलांच्या आईवडिलांचा गट आहे, त्यांच्याशी बोलणं करून देता आलं तर बघा.

डॉक्टर निवडताना आधी तुम्ही फोन करा आणि विचारा, 'गे असणं तुम्ही आजार मानता का?' 'बघू, वय लहान आहे, बदलता येईल' असं उत्तर आलं तर तिथे जाऊ नका. लैंगिक कल किंवा लिंगभाव 'बदलण्याचे' उपचार करणं हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. मात्र मानसोपचारतज्ज्ञाने नैराश्यासाठी गोळ्या दिल्या तर त्या घ्याव्यात. त्या झोप, भूक आणि जगण्याची इच्छा परत यावी म्हणून असतात, गे असण्यावर नसतात. बाबांना हा फरक समजावून सांगावा लागेल, कारण ते गोळ्या बघून 'इलाज सुरू झाला' म्हणतील. पुण्यात समपथिक ट्रस्ट, मुंबईत हमसफर ट्रस्ट इथे चौकशी केलीत तर या मुलांना समजून घेणारे तज्ज्ञ कळतील. टेलि-मानस ही सरकारची मोफत हेल्पलाइन, नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पलीकडची व्यक्ती क्वीअर विषयात तयार असेलच असं नाही. आधी स्वतः फोन करून अंदाज घ्या, उपदेश सुरू झाला तर ठेवून पुन्हा लावा.

त्याने स्वतःला काही केलं आहे असं कळलं, तर तो चालता-बोलता दिसला तरी थांबू नका. १०८ किंवा ११२ ला फोन आणि सरळ हॉस्पिटल. 'पोलीस केस होईल' म्हणून लोक उशीर करतात, त्या उशिराने माणसं जातात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ११५ सांगतं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरायचं, तिला शिक्षा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येचा प्रयत्न हाच गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या दंड संहितेतल्या कलम ३०९ सारखं सरसकट कलमही राहिलेलं नाही. हॉस्पिटल पोलिसांना कळवेल, ते जबाब घ्यायला येतील. तो जबाब आहे, गुन्हा नाही. आणि त्यात तुमच्या भावाच्या खासगी आयुष्याचा पाढा तुम्ही स्वतःहून वाचायची गरज नाही.

एक राहिलं. तुम्ही विचाराल आणि कदाचित तो म्हणेल, 'नाही गं ताई, तसलं काही नाही.' उलटतपासणी घेऊ नका. 'बरं. पण मी दोन दिवसांनी परत विचारणार आहे, आणि उत्तर बदललं तरी मी चिडणार नाही' एवढं म्हणा. औषधं तरीही कुलपात टाका, मोबाईलसाठी बाबांशी तरीही बोला, आणि परवा खरंच परत विचारा. पुढचे तीन महिने हे विचारणं सोडू नका. विशेषतः घरात कुणाचं लग्न निघेल तेव्हा, निकाल लागेल तेव्हा, आणि ज्या मुलाचे ते मेसेज होते त्याच्याशी त्याचं तुटलंय असं कळेल तेव्हा. त्या मुलाची चौकशी घरात आजवर कुणीही केली नसेल. तुम्ही करा. 'तो कसा आहे रे?' या प्रश्नावर तुमचा भाऊ महिन्याभरात पहिल्यांदा नीट बोलेल, अशी माझी अटकळ आहे.